गाणं तेच, गायक तोच, तरी ॲपला ओळखू का येत नाही?

मोबाईलवरचं गाणं ओळखणारं ॲप रेडिओवर वाजणारं गाणं पाच सेकंदात सांगतं, आजूबाजूला गाड्यांचा आवाज असला तरी सांगतं, आणि तेच ॲप मैफलीत समोर बसून गाणाऱ्या कलाकाराच्या बाबतीत गप्प बसतं, त्या कलाकाराच्या त्याच बंदिशीची रेकॉर्ड बाजारात असली तरीही. बऱ्याच जणांना वाटतं की ॲपला शास्त्रीय संगीत कळत नाही. खरं सांगायचं तर त्याला कुठलंच संगीत कळत नाही. सूर, ताल, राग, शब्द, गायक यातलं काहीही ते ओळखत नाही, ते ओळखतं फक्त एक ठरावीक रेकॉर्डिंग, म्हणजे स्टुडिओत एकदा घडून गेलेली ती विशिष्ट तीन-चार मिनिटं. हे एकदा नीट समजलं की ते कुठे चालणार आणि कुठे अडणार हे आपल्याला आधीच सांगता येतं.

या तंत्राला ऑडिओ फिंगरप्रिंटिंग म्हणतात. गाणं ओळखणाऱ्या शझॅम या कंपनीची सेवा ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झाली, तेव्हा ॲप वगैरे नव्हतं, २५८० हा नंबर फिरवून फोन स्पीकरजवळ धरायचा आणि गाण्याचं नाव मेसेजने यायचं. त्यांच्या एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये एक पेपर लिहून ही पद्धत उघड केली. नंतर बरेच फेरफार झाले असणार, शिवाय दुसऱ्या कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण मूळ कल्पना समजून घ्यायला त्या पेपरमधली पद्धत अजूनही सगळ्यात सोपी आहे, म्हणून मी तीच घेतो.

पहिली पायरी म्हणजे आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढायचा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, आणि जिथे आवाज जोरात तिथे ठिपका गडद. समजा आवाज सेकंदाला ८००० सॅम्पलने घेतलाय (जुन्या टेलिफोनचा दर हाच), आणि १०२४ सॅम्पलच्या तुकड्यांवर गणित करतोय. मग फ्रिक्वेन्सीचा एकेक खण साधारण ७.८ हर्ट्झचा होतो. वेळेत आपण दर ३२ मिलिसेकंदांनी पुढे सरकतो असं धरू, म्हणजे सेकंदाला साधारण ३१ फ्रेम. हे आकडे मी समजावण्यासाठी निवडलेत, प्रत्येक ॲपचे स्वतःचे वेगळे असतात.

आता या चित्रातला जवळपास सगळा मजकूर फेकून द्यायचा. ठेवायची फक्त शिखरं, म्हणजे असे बिंदू जे आपल्या आसपासच्या सगळ्या बिंदूंपेक्षा जोरदार आहेत. काळ्या आकाशात चांदण्या विखुरलेल्या असाव्यात तसं काहीतरी उरतं, आणि पेपरमध्ये त्याला नावही नक्षत्रांच्या नकाशाचंच दिलंय. गोंगाटातसुद्धा ॲप चालतं त्याचं कारण हेच आहे. गर्दीचा आवाज, फोनचा सुमार माइक, एमपीथ्रीचं कॉम्प्रेशन या सगळ्याने बारीकसारीक तपशील बिघडतात, पण जे सगळ्यात उंच शिखर होतं ते बहुतेक वेळा आपल्या जागीच राहतं.

एकटं शिखर शोधायला फारसं कामाचं नाही, कारण ५२३ हर्ट्झवर कधीतरी जोरदार आवाज आलाय अशी रेकॉर्डिंग्ज लाखो निघतील. म्हणून शिखरांच्या जोड्या करतात. एक शिखर धरायचं, त्याच्या पुढच्या काही सेकंदांतली काही शिखरं घ्यायची, आणि प्रत्येक जोडीचे तीन आकडे लिहायचे: पहिल्याची फ्रिक्वेन्सी, दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी, आणि दोघांमधलं अंतर किती फ्रेमचं. या तीन आकड्यांचा मिळून एक कोड बनतो, त्याला हॅश म्हणतात, आणि डेटाबेसमध्ये त्या कोडसमोर लिहिलेलं असतं की हा कोड कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये कितव्या सेकंदाला आलाय.

एक उदाहरण घेऊ. पांढरी एकचा तार षड्ज म्हणजे साधारण ५२३ हर्ट्झ, तो आपल्या हिशेबाने ६७ व्या खणात पडतो. त्याच्या वरचा पंचम ७८५ हर्ट्झ, तो १०० व्या खणात. समजा षड्जाच्या शिखरानंतर १.६ सेकंदांनी पंचमाचं शिखर आलं, म्हणजे ५० फ्रेम. तर कोड झाला (६७, १००, ५०). इथे षड्ज, पंचम ही नावं मी आपल्या सोयीसाठी घेतोय, संगणकाला तिथे फक्त तीन आकडे दिसतात.

तुम्ही फोन धरून पाच सेकंद ऐकवलं की ॲप असे हजारभर कोड काढतं आणि डेटाबेसमध्ये शोधतं. काही कोड भलत्याच गाण्यांमध्येही सापडतात, कारण योगायोगाने तेच तीन आकडे कुठेही येऊ शकतात. यातून खरं गाणं निवडायची युक्ती मला या सगळ्या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तुमच्या तुकड्यात एक कोड २.१ व्या सेकंदाला आला आणि एका रेकॉर्डिंगमध्ये तोच ७३.४ व्या सेकंदाला आहे, फरक ७१.३. दुसरा कोड तुमच्याकडे ३.० ला, तिथे ७४.३ ला, फरक पुन्हा ७१.३. खरंच तेच रेकॉर्डिंग वाजत असेल तर जेवढे म्हणून कोड जुळतील त्या सगळ्यांचा फरक हाच यायला हवा, कारण तुम्ही ते ७१.३ व्या सेकंदापासून ऐकताय. योगायोगाने जुळलेल्या कोडचे फरक मात्र इकडेतिकडे विखुरतात. म्हणून हजारातले नऊशेहून जास्त कोड गोंगाटात वाया गेले तरी चालतं, उरलेल्यांचा एकाच फरकावर ढीग जमला की काम झालं.

आता मैफल. तीच गायिका, तीच बंदिश, पण रेकॉर्ड पांढरी एकमध्ये आणि आज ती काळी एकमध्ये गातेय. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सी साधारण ५.९ टक्के वर. षड्ज ५२३ वरून ५५४ वर गेला, खण ६७ चा ७१ झाला, पंचम १०० चा १०६. कोड (७१, १०६, काहीतरी). डेटाबेसमध्ये हा पूर्णपणे वेगळा पत्ता आहे, आणि शोध पत्त्यानेच होतो, त्यामुळे जवळपास काहीतरी मिळतंजुळतं आहे का हे बघायला ॲप थांबतच नाही. आपल्या कानाला पट्टी बदलली तरी बंदिश तीच वाटते कारण आपण सुरांमधली नाती ऐकतो, आणि या पद्धतीत साठवलेत ते सुटे आकडे.

बरं, पट्टी अगदी तीच ठेवली तरी? तरी तिसरा आकडा उरतोच. मुखडा घेऊन समेवर येताना गायिका आज अर्धा क्षण थांबली, किंवा लय जरा वर आहे, तर ५० फ्रेमच्या जागी ४६ होतील किंवा ५७ होतील. एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची आहे, आणि इतक्या बारीक वेळेपर्यंत स्वतःचंच गाणं हुबेहूब पुन्हा गाणं माणसाला जमत नाही, आणि ख्यालात तर कुणी तसा प्रयत्नही करत नाही, कारण तिथे प्रत्येक आवर्तन नव्याने भरायचं असतं. एखादा कोड चुकून जुळलाच तरी फरकांचा ढीग जमणार नाही. म्हणजे इथे ॲप नापास झालं असं म्हणणंच चूक आहे, त्याने अगदी बरोबर सांगितलं की हे रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. कसं असेल, ते आत्ता घडतंय!

उलट बाजूने विचार केला तर भारीच गोष्ट निघते. लाइव्ह कार्यक्रमात ॲपने गाणं झटक्यात ओळखलं तर मागे रेकॉर्ड वाजतेय असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. वँग यांच्या पेपरमध्येच हे लिहिलंय, की काही कलाकारांचे लाइव्ह कार्यक्रम पद्धतीने ओळखले, तेव्हा एकतर त्यांची वेळेवरची पकड मिलिसेकंदापर्यंत अचूक आहे किंवा, जास्त शक्यता अशी की, ते नुसते ओठ हलवत होते. पूर्ण गाणं रेकॉर्डवर नसेल, फक्त मागचं म्युझिक ट्रॅकवर असेल आणि गायक खरंच गात असेल, तरी ट्रॅकची शिखरं पुरेशी उंच असली तर ॲप ओळखतं. त्यामुळे ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात ओळख पटली म्हणून लगेच गायकाला नावं ठेवू नयेत.

शास्त्रीय संगीताची आणखी एक अडचण आहे, आणि ती रेकॉर्ड डेटाबेसमध्ये असली तरीही येते. सिनेमातल्या गाण्यात ढोलक, ड्रम, गिटारचा आघात असतो, तिथे शिखर वेळेत अगदी टोकदार येतं, अमुक फ्रेमला म्हणजे अमुकच फ्रेमला. आलापात एक सूर तीन-चार सेकंद धरलेला असतो. स्पेक्ट्रोग्रामवर ती शिखराऐवजी लांबलचक सपाट कडा दिसते, आणि त्या कडेवर सगळ्यात उंच बिंदू नेमका कुठे हे अगदी किरकोळ चढउतारावर ठरतं. स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये तो दहाव्या फ्रेमवर असेल, तर तुमच्या खोलीतल्या पंख्याच्या आवाजात पंचविसाव्या फ्रेमवर सरकेल. मींडेत तर फ्रिक्वेन्सीही सतत सरकत असते, म्हणजे तिथे शिखर वेळेतही पक्कं नाही आणि फ्रिक्वेन्सीतही नाही. कोडमधले तीनही आकडे डळमळीत.

त्यात मागे तानपुरा. त्याचे षड्ज-पंचम आणि त्यांचे उपस्वर अख्खा तासभर त्याच फ्रिक्वेन्सींवर वाजत राहतात, त्यामुळे बरीचशी शिखरं तानपुराच खातो आणि त्यातून निघणारे कोड त्याच पट्टीतल्या दुसऱ्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्येही सापडतात. आजकाल इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तानपुऱ्याचं ॲप वापरतात, तिथे तर आवाजाचा एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजतो, म्हणजे दोन वेगळ्या गायकांच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे अक्षरशः तोच ध्वनी असू शकतो. संथ आलापात एखाद्या भलत्याच कलाकाराचं नाव येणं यातून शक्य आहे, आणि ते गायकीच्या साम्यामुळे आलंय असा अर्थ लावू नये.

यावर एक साधा उपाय मात्र आहे. व्यावसायिक रेकॉर्ड ओळखायची असेल आणि आलापात ओळखत नसेल तर तबला सुरू झाल्यावर, शक्यतो द्रुत लयीत, तानांच्या भागात ऐकवा. तबल्याचे आघात आणि भराभर बदलणारे सूर पुष्कळ टोकदार शिखरं देतात. त्याच रेकॉर्डवर आलापात गप्प आणि द्रुतमध्ये ओळख, असं झालं तर समजायचं की रेकॉर्ड डेटाबेसमध्ये आहे आणि अडचण शिखरांची होती.

प्रादेशिक आणि जुन्या रेकॉर्डिंगची गोष्ट वेगळी. इथे पहिलं कारण अगदी सरळ आहे, ते रेकॉर्डिंग डेटाबेसमध्ये नाहीच. डेटाबेस भरतो तो मुख्यतः कंपन्या आणि डिजिटल वितरक जी गाणी पाठवतात त्यातून. जत्रेत विकल्या गेलेल्या कॅसेटवरचं भारूड, गावातल्या शाहिराचा पोवाडा, जात्यावरच्या ओव्या गोळा केलेल्या टेप, आकाशवाणीच्या प्रसारणावरून कुणीतरी घरी टेप केलेलं नाट्यगीत, हे कधी कुणी पाठवलंच नसेल तर कितीही हुशार पद्धत असली तरी काय करणार. भाषेचा इथे काही संबंध नाही. मराठी म्हणून ॲपला अवघड जातं असं नसतं, शब्द ते ऐकतच नाही.

दुसरं कारण जास्त फसवं आहे, ते म्हणजे वेग. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या नावाला ७८ च्या, सुरुवातीच्या काळात हा वेग पक्का ठरलेला नव्हता आणि तबकड्या त्याच्या खाली-वर कापल्या जायच्या. कॅसेटचं तसंच, एका डेकवर रेकॉर्ड केलेली टेप दुसऱ्यावर जरा वेगळ्या वेगाने पळते. समजा कंपनीने तबकडी ७८ वर फिरवून डिजिटल केली आणि तुमच्याकडची प्रत ७६ वर फिरवून केलेली आहे. फरक फक्त २.६ टक्के, अर्ध्या सुराच्याही निम्म्याहून कमी, नुसतं ऐकून बऱ्याच जणांना कळणारही नाही. पण वरचाच कोड बघा, एका प्रतीत (६७, १००, ५०) असेल तर २.६ टक्के वेगवान प्रतीत तो (६९, १०३, ४९) होतो, म्हणजे तीनही आकडे बदलले. मूळ रेकॉर्डिंग तेच, आणि तरीही ओळख नाही. शिवाय फरकांचा ढीगही पसरतो, कारण दहा सेकंदांत दोन्ही प्रती पाव सेकंदाने मागेपुढे झालेल्या असतात. एक टक्क्यापेक्षा कमी फरक असला तर खालच्या फ्रिक्वेन्सीचे आणि जवळजवळच्या जोड्यांचे काही कोड टिकतात, म्हणून अशा प्रती कधी ओळखल्या जातात आणि कधी नाही.

मग खण मोठे का करत नाहीत, म्हणजे थोडा फरक चालून जाईल? करता येतात, पण खण जितके मोठे तितके वेगवेगळ्या गाण्यांचे कोड सारखे येणार, आणि कोट्यवधी गाण्यांच्या डेटाबेसमध्ये खोट्या जुळण्यांचा पूर येणार. माझ्या मते कंपन्यांनी इथे घेतलेला निर्णय योग्यच आहे, चुकीचं नाव सांगण्यापेक्षा न सांगणं बरं. दुसरा रस्ता म्हणजे आकड्यांऐवजी गुणोत्तरं साठवायची: दोनच्या जागी तीन शिखरं घ्यायची आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर हे पहिल्या-तिसऱ्यातल्या अंतराच्या किती पट आहे ते लिहायचं. वेग बदलला तर दोन्ही अंतरं सारखीच ताणली जातात आणि गुणोत्तर तसंच राहतं. फ्रिक्वेन्सीचंही असंच करता येतं. पॅनाको नावाचं मुक्त सॉफ्टवेअर याच कल्पनेवर उभं आहे आणि वेग काही टक्के बदललेल्या प्रती ते जुळवतं. पण मैफलीतलं नवं गाणं त्यालाही ओळखता येणार नाही, कारण तिथे सगळं एकसारखं ताणलेलं नसतं, प्रत्येक जागा वेगळी पडलेली असते.

गुणगुणून गाणं शोधायची सोय गूगलने २०२० मध्ये आणली, साउंडहाउंडकडे ती त्याआधीपासून होती. ती पद्धत खरंच वेगळी आहे, तिथे चालीचा आकार जुळवतात, त्यामुळे पट्टी आणि लय बदलली तरी चालतं. भावगीत किंवा अभंगाची ठरलेली चाल असेल तर लाइव्ह गाण्यातही ती वापरून बघायला हरकत नाही. बंदिशीचा मुखडाही कधी सापडेल. पण आलाप-तानांना ठरलेली चालच नसते, आणि तोच राग म्हणजे तीच चाल असं तर अजिबातच नाही.

तुमच्याकडे जुन्या टेप डिजिटल केलेल्या पडल्या असतील तर वेग दुरुस्त करून पुन्हा ओळख करून बघणं खूपदा फायद्याचं ठरतं. खरा वेग शोधायला एक छान खूण मिळते, ती म्हणजे विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि मूळ रेकॉर्डिंग करताना ती गुणगुण बऱ्याचदा टेपवर उतरलेली असते. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शांत जागा निवडून स्पेक्ट्रम काढा, विंडो साइझ मोठी ठेवा म्हणजे खाली बारीक फरक दिसेल. ५० च्या ऐवजी ४८.७ वर टोक दिसलं तर टेप २.६ टक्के हळू चाललीय. अगदी ५० वरही एक टोक असेल तर ते बहुधा डिजिटल करताना तुमच्याच घरच्या विजेचं आलंय, ते सोडून द्यायचं. १०० आणि १५० च्या आसपासही बघा, तिथे फरक दुप्पट-तिप्पट होऊन जास्त स्पष्ट दिसतो. मग सेकंदाला ४४१०० सॅम्पलच्या फाइलसाठी ffmpeg या सॉफ्टवेअरचा हा आदेश वेग आणि सूर दोन्ही एकदम वर आणतो:

```
ffmpeg -i tape.wav -af "asetrate=44100*50/48.7,aresample=44100" tape_fixed.wav
```

त्यानंतर दुरुस्त फाइल स्पीकरवर लावून ॲपला ऐकवा, तबल्याच्या भागातून. नाव आलं तर ते प्रकाशित रेकॉर्डिंग होतं आणि तुमची प्रत हळू होती. अजूनही काही आलं नाही तर तीन-चार वेगळ्या जागा ऐकवून बघा, आणि तरीही शांतता असेल तर बहुतेक ते रेकॉर्डिंग डेटाबेसमध्ये नाही. मग फाइलच्या नावात कलाकार, राग, ठिकाण, साल यातलं जे माहीत असेल ते आत्ताच लिहून ठेवा, आणि वेग किती टक्के बदलला तेही लिहा, म्हणजे त्याच मैफलीची दुसरी टेप कुणाकडे निघाली तर दोन्ही जुळवून बघता येतील.